तिसरा रकाना भरेना: फ्लुइड मेकॅनिक्सच्या एका धड्याचा सारांश

प्रवाहाच्या धड्याचा एका पानाचा सारांश करायला मला चार दिवस लागले. त्यातले तीन दिवस एकाच रकान्यात गेले. त्या धड्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

पान आखलं तेव्हा तीन रकाने केले: समीकरण, गृहीतकं, कुठे लावायचं. पहिला तासाभरात भरला. कंटिन्यूइटी, बर्नोली, हेड लॉस धरून लिहिलेलं ऊर्जेचं समीकरण, मोमेंटम. दुसराही भरला. बर्नोलीसमोर लिहिलं: प्रवाह वेळेनुसार बदलत नाही, घनता बदलत नाही, घर्षण नाही, दोन्ही बिंदू एकाच प्रवाहरेषेवर. तिसऱ्या रकान्यात मग काय लिहायचं? ‘घर्षण नसेल तिथे’? घर्षण नसलेलं पाणी मी तरी पाहिलेलं नाही.

आणि त्याच धड्यात चार पानं पुढे व्हेंच्युरीमीटरमधल्या खऱ्याखुऱ्या पाण्याला बर्नोली सरळ लावलेलं होतं. उत्तरही इतकं जवळ येतं की दुरुस्तीचा गुणांक ०.९८च्या आसपास निघतो. त्यानंतर अचानक रुंद होणारी नळी आली, आणि तिथे पुस्तक एक शब्दही न बोलता मोमेंटमवर गेलं. पाणी तेच, नळी तशीच. समीकरण का बदललं, हे कुठेही सांगितलेलं नाही. गृहीतकं धड्याच्या सुरुवातीला एकदा मांडायची आणि गणितं सोडवताना त्यांचं नावही घ्यायचं नाही, हीच माझी तक्रार आहे.

शेवटी ते गणित मी दोन्ही समीकरणांनी करून पाहिलं. आडवी नळी घेतली, पुढच्या भागाचं क्षेत्रफळ मागच्याच्या दुप्पट. अरुंद भागात वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे कंटिन्यूइटीने रुंद भागात २ मीटर. पाण्याची घनता १००० किलो प्रति घनमीटर. वेग कमी झाला की दाब वाढणार, प्रश्न इतकाच की किती.

बर्नोलीने:

```
p2 - p1 = ½ρ(V1² - V2²)
```

म्हणजे ५०० गुणिले (१६ वजा ४), ६००० पास्कल. मोमेंटमने:

```
p2 - p1 = ρV2(V1 - V2)
```

म्हणजे १००० गुणिले २ गुणिले २, ४००० पास्कल. दोन उत्तरांत २००० पास्कलचा फरक. दिवसभर मी बेरीज-वजाबाकी तपासत बसलो, पण चूक तिथे नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी आकडे बघितलेच नाहीत. आकृतीत जिथे अरुंद नळी संपते आणि रुंद सुरू होते, तिथल्या कड्यासारख्या उभ्या भिंतीवर पेन्सिल ठेवून विचारलं, “इथे दाब किती धरलास?”

मी म्हटलं, “p1, सर. पुस्तकात तसंच धरलंय.”

“का धरता येतो?”

मला सांगता आलं नाही. उत्तर असं आहे: अरुंद नळीतून सुटलेली धार लगेच पसरत नाही, काही अंतर सरळच जाते. सरळ धारेत आडव्या दिशेने दाब बदलत नाही, आणि तिच्या बाजूच्या कोपऱ्यात पाणी हळू भोवरे घेत फिरत असतं. म्हणून त्या कड्यावर जवळपास p1 हाच दाब पडतो, हे प्रयोगातही दिसतं. म्हणजे भिंत पाण्याला किती जोराने ढकलते ते माहीत आहे. याउलट त्या भोवऱ्यांत किती ऊर्जा वाया जाते, ते आधी कळायला मार्ग नाही.

तिथे माझा तिसरा रकाना सुटला. ऊर्जेच्या समीकरणात एक अडचणीची राशी असते, वाया गेलेली ऊर्जा. मोमेंटमच्या समीकरणातही तशी एक असते, भिंतीने लावलेलं बल. दोघांपैकी जी राशी माहीत आहे किंवा सोडून देण्याइतकी लहान आहे, तिचं समीकरण आधी लावायचं. दुसऱ्यातून मग राहिलेली राशी मिळते. माझे २००० पास्कल म्हणजे भोवऱ्यांत गेलेली ऊर्जाच होती:

```
p_loss = ½ρ(V1 - V2)²
```

५०० गुणिले २ चा वर्ग, बरोबर २०००. पाण्याच्या उंचीत मोजलं तर सुमारे २० सेंटीमीटर. हे जुळलेलं पाहून मला जे समाधान वाटलं ते अख्ख्या धड्यात दुसऱ्या कशानेही वाटलं नाही.

व्हेंच्युरीमीटरचंही कोडं मग उलगडलं. आपण मोजतो तो भाग तोंडापासून गळ्यापर्यंतचा, तिथे नळी निमुळती होत जाते, वेग वाढतो, दाब उतरतो. दाब उतरत्या दिशेने वाहणारा प्रवाह भिंत सोडत नाही, भोवरे होत नाहीत, भिंतीचं घर्षण त्या थोड्या लांबीत किरकोळ ठरतं. म्हणून तिथे बर्नोली चालतं. गळ्यानंतर दाब पुन्हा चढतो, प्रवाह भिंतीपासून सुटण्याची भीती तिथेच असते, म्हणून तो भाग लांब आणि हळूहळू रुंद होणारा ठेवतात. ‘घर्षण नाही’ याऐवजी मी आता लिहिलंय: ‘लांबी कमी, वेग वाढता, प्रवाह भिंतीला धरून.’

नॉझलमध्ये याच क्रमाने जायचं. ऊर्जा फारशी वाया जात नाही, पण तिरप्या भिंतीवरचा दाब जागोजागी वेगळा, त्यामुळे बल माहीत नाही. आधी बर्नोलीने दाब काढायचा, मग मोमेंटमने बोल्टांवर येणारं बल. उघड्या कालव्यातल्या हायड्रॉलिक जंपमध्ये नेमकं उलटं. तिथे खळबळीत भरपूर ऊर्जा जाते, पण जंप आखूड असल्याने तळाचं घर्षण सोडता येतं, म्हणून आधी मोमेंटम.

एक गोष्ट खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. आकृतीवर तुटक रेघेने कंट्रोल व्हॉल्यूम काढल्याशिवाय मोमेंटम लिहू नका. ती रेघ कड्याच्या भिंतीला लागून गेली की तिथला दाब विसरताच येत नाही. मी दोनदा विसरलो होतो, दोन्ही वेळा रेघ काढलेली नव्हती. आणि लांब नळी असेल तर बर्नोलीचा विचारही नको, सरळ हेड लॉस धरून ऊर्जेचं समीकरण. त्याआधी रेनॉल्ड्स नंबर काढा. तो २००० च्या आत असेल तर प्रवाह लॅमिनार धरता येतो आणि हेगन-प्वाझीचं सूत्र चालतं, वर गेला तर घर्षण गुणांक चार्टवरून घ्यावा लागतो. हेगन-प्वाझी माझ्या पानावर आधी नव्हतंच, नंतर समासात घुसवलं.

पानावरची एक ओळ मात्र मुद्दाम वेगळ्या शाईने लिहिली आहे: अचानक अरुंद होणारी नळी. रुंदावणाऱ्या नळीची युक्ती इथे चालेल असं मला वाटलं होतं. चालत नाही, कारण पाणी अरुंद तोंडाकडे वळताना उभ्या भिंतीवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही. बल माहीत नाही, आणि पाणी आत शिरल्यावर आधी आकसतं, मग पुन्हा पसरतं, त्या पसरण्यात ऊर्जा जाते, तीही माहीत नाही. म्हणून तिथे गुणांक प्रयोगावरूनच घेतात. मोठ्या टाकीतून धारदार कडेच्या नळीत पाणी शिरत असेल तर तो सुमारे ०.५, अरुंद नळीतल्या V²/2g ला गुणायचा. कडा गोल केल्या तर बराच खाली येतो.