आमसुलाचे पंधरा बाइट

सुक्या कोकमाची विक्री ऑनलाइन बाजारात सुरू केली, तेव्हा नोंदणी, छायाचित्रे, खाद्यपरवाना आणि बँकेचे तपशील हे सारे चार दिवसांत उरकले. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र एका लहानशा रकान्यात गेले. ग्राहकाला न दिसणारे, पण शोधयंत्राने वाचायचे शब्द ज्यात भरतात, तो हा रकाना. त्याची आठवण झाली की अजूनही माझा संताप होतो.

आमच्या मालाचे शीर्षक `Dried Kokum Rinds 500 g` असे होते. आमच्याकडे मात्र निम्मे लोक कोकम म्हणतात आणि निम्मे आमसूल. गोव्याकडील ग्राहक सोलं मागतात, तर कर्नाटकात उत्तर कन्नडकडे मुरुगलु आणि मंगळूरच्या बाजूला पुनर्पुळी हा शब्द चालतो. यांपैकी `Kokum` सोडला तर एकही शब्द शीर्षकात नसल्यामुळे ते सगळे मी त्या अदृश्य रकान्यात भरले. इंग्रजी लिपीतली निरनिराळी स्पेलिंग, देवनागरी रूपे आणि अनेकवचनेही घातली. रकान्याखाली 200 ही मर्यादा लिहिलेली होती. मी स्प्रेडशीटमध्ये मात्रा आणि अनुस्वारांसह मोजणी केली, ती 178 भरली. बटण दाबले, हिरवी खूण आली आणि माहिती जतन झाल्याचा संदेशही आला.

शब्द शोधयंत्रापर्यंत पोचला की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. आपल्या वस्तूचा क्रमांक आणि तो शब्द शोधपेटीत एकत्र लिहायचा. वस्तू समोर आली तर शब्द पोचला, न आली तर नाही. (ही रीत मला पहिल्याच दिवशी ठाऊक असती, तर पुढचे बरेच काही टळले असते.) क्रमांकासोबत `kokum` लिहिले की आमची वस्तू लगेच दिसे, कारण तो शब्द शीर्षकातच होता. `amsul` लिहिले की काहीच दिसत नसे, `आमसूल` लिहिले तरी नाही. रकान्यातला एकही शब्द चालत नव्हता, आणि त्याबद्दल चूक झाल्याची सूचनाही कुठे येत नव्हती.

मदतकेंद्राला लिहिले, तर उत्तर आले की बदल दिसायला 48 तास लागतात, कृपया वाट पाहावी. मी वाट पाहिली आणि पुन्हा लिहिले. तेच उत्तर आले, फक्त खालचे नाव बदलले होते. तिसऱ्यांदा मी तपासणीची छायाचित्रे जोडून, कोणता शब्द दिसतो आणि कोणता दिसत नाही, हे तक्त्यात मांडून पाठवले. त्यावर मला शीर्षक अधिक आकर्षक करण्याचा सल्ला मिळाला! मधल्या काळात मी शब्दांचा क्रम बदलला, स्वल्पविराम काढले आणि वस्तू एकदा बंद करून पुन्हा सुरू केली. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस थांबायचे, आणि पुन्हा काहीच नाही.

गाठ सुटली ती माझ्या भाच्यामुळे. यादी पाहून त्याने एकच प्रश्न विचारला, “मावशी, दोनशे म्हणजे दोनशे काय?” मी म्हणाले, “अक्षरे, दुसरे काय असणार?” मदतपानाच्या तळाशी बारीक टाइपात ‘बाइट’ असे लिहिले होते. इंग्रजी लिपीतले प्रत्येक अक्षर एक बाइट जागा घेते, तर देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा आणि अनुस्वार स्वतंत्रपणे, प्रत्येकी तीन बाइट घेते. त्याने लगेच हे करून दाखवले:

```python
s = "आमसूल"
print(len(s), len(s.encode("utf-8")))
```

पडद्यावर 5 आणि 15 हे आकडे उमटले. माझ्या 178 चिन्हांपैकी 92 देवनागरी होती. म्हणजे त्यांचे 276 बाइट आणि उरलेल्या 86 चे 86, असे एकूण 362. मर्यादा ओलांडली की यंत्र जादा शब्द कापून टाकत नव्हते, तर अख्खा रकानाच दुर्लक्षित करत होते, आणि तरीही हिरवी खूण दाखवत होते.

मग छाटणी सुरू झाली. मदतपान सांगते की अनेकवचने आणि चुकीची स्पेलिंग देऊ नयेत, यंत्र ती स्वतः ओळखते. हे इंग्रजी शब्दांपुरते खरे निघाले. शीर्षकात `Rinds` असताना `rind` शोधले तरी वस्तू दिसली आणि `kokkum` लिहिले, तर यंत्राने स्वतःहून `kokum` केले. ती दोन्ही रूपे मी काढली. मराठीची गोष्ट निराळी आहे. ‘आमसूल’ मधला सू दीर्घ, पण अनेकवचनात ‘आमसुले’ होताना तो ऱ्हस्व होतो, त्यामुळे शेवटची मात्रा काढून मूळ शब्द मिळत नाही. शिवाय निम्मे लोक एकवचनही ‘आमसुल’ असेच लिहितात. म्हणून ही तिन्ही रूपे ठेवली आणि बोलण्यातले ‘आमसुलं’ हेही ठेवले. इंग्रजी लिपीत लोक पहिला स्वर `a` किंवा `aa` लिहितात आणि नंतरचा `u`, `oo` किंवा `o`. त्यांची गुणाकाराने सहा रूपे होतात. त्यातली चार ग्राहकांच्या जुन्या व्हॉट्सॲप संदेशांत खरोखर सापडली, तेवढीच घेतली. खरे तर यादी करायला बसण्याआधी हे संदेशच चाळायला हवे होते, कारण कल्पनेने सुचलेल्या चुका आणि लोक करतात त्या चुका फार वेगळ्या असतात.

समानार्थी शब्दांत माझी एक घोडचूकही झाली होती. शब्द वाढवण्याच्या नादात सुरुवातीला, रकाना भरण्याआधी, मी वर्णनात `kudampuli` लिहिले होते. कुडमपुळी हे कोकमाच्याच कुळातले, पण वेगळ्या झाडाचे फळ आहे. केरळात ते माशाच्या कालवणात घालतात, ते काळपट असते आणि त्याला धुराचा वास असतो. कोचीच्या एका बाईंनी आमचे पाकीट मागवले, त्यांचा रस्सा जांभळट झाला आणि पाकीट परत आले. ‘रातांबा’ही त्याच कारणाने गाळला. तो शब्द शोधणाऱ्याला ताजे फळ हवे असते, आमच्याकडे तर सुकवलेली साल आहे. `kokum butter` लिहिणाऱ्याला कोकमाचे तेल हवे असते, तेव्हा `butter` हा शब्दही बाद केला.

शेवटी उरलेली यादी अशी:

```
amsul aamsul amsool aamsol amsule amsula kokam cocum solam murugalu punarpuli कोकम आमसूल आमसुल आमसुले आमसुलं
```

मधल्या रिकाम्या जागा धरून हे 160 बाइट होतात. `kokum` यात मुद्दाम घेतलेला नाही, कारण शीर्षकातला शब्द इथे पुन्हा लिहिल्याने नुसती जागा जाते. स्वल्पविरामही बाइट खातो, म्हणून दोन शब्दांमध्ये फक्त एक रिकामी जागा सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रमांकासोबत `aamsol` लिहिले आणि आमचे पाकीट पडद्यावर आले. मी सोळाच्या सोळा शब्द एकामागून एक तपासले, प्रत्येकापुढे वहीत बरोबरची खूण केली आणि भाच्याला फोन केला. उरलेले चाळीस बाइट मी रिकामेच ठेवले आहेत. ग्राहकांच्या संदेशात एखादे नवे स्पेलिंग सापडले की ते वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते, आणि तेच स्पेलिंग दुसऱ्या एखाद्या ग्राहकाकडूनही आले, तरच रकान्यात घालते.