अर्जातला एक परिच्छेद

बुधवार, रात्री साडेदहा

अकादमीचा अर्ज आज एकदाचा पुरा झाला. त्यांना संगीताचं शास्त्र शिकवायला माणूस हवंय. सोबतचं पत्र मी तीनदा लिहिलं. आधीच्या दोन्ही मसुद्यांत एम.ए., विशारद, मिळालेले गुण, शिबिरं असं सगळं ओळीने होतं. ते बायोडेटात आहेच. वर्गात उभी राहून मी काय करीन, हे मात्र कुठेच नव्हतं.

मग ताईंच्या क्लासमधली ती दुपार आठवली. नवीन आलेली नववीतली एक मुलगी आजोबांच्या वहीतून पेटीवर भूप काढत होती. ‘ग रे सा’ असं छान खाली यायची आणि एकदम तार सप्तकातल्या धैवतावर उडी मारून परत सा गाठायची. पुन्हा पुन्हा तेच. भूपातला तो धैवत मंद्रातला, सा ला खालून टेकू देणारा. पण वहीत ‘ध’च्या डोक्यावर टिंब होतं आणि ती शिकली होती त्याप्रमाणे बरोबरच वाजवत होती.

ती भातखंडे लिपी शिकलेली, वही पलुस्कर लिपीतली. भातखंड्यांकडे डोक्यावरचं टिंब म्हणजे तार सप्तक आणि मंद्राचं टिंब खाली. पलुस्करांकडे डोक्यावरचंच टिंब मंद्राचं, तर तारसाठी उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे लिपीत मध्यमावर आली की तो तीव्र होतो. दोघेही आपल्याच मुलखातले, पण खुणा अशा उलट्या!

लिपी ओळखायला मी आधी कोमल स्वर शोधते. खाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, हलन्तासारखी खूण असेल तर पलुस्कर. भूपात कोमल स्वरच नाहीत, त्यामुळे ही युक्ती तिथे चालेना. मग मी तिला पेटी बंद करून ती ओळ गायला सांगितली. दुसऱ्यांदा गाताना ती स्वतःच थांबली. म्हणाली, “ताई, हा ध खाली हवा ना?”

पत्रात मी हेच लिहिलं:

‘शास्त्राच्या तासाला मुलांनी आधी गावं आणि मग खूण वाचावी, असा माझा प्रयत्न राहील. दोन्ही लिप्या मी एकाच बंदिशीवर शेजारी-शेजारी लिहून शिकवेन. आजवर मी एकेका विद्यार्थ्यालाच शिकवलं आहे, मोठा वर्ग घेतलेला नाही. म्हणून मुलाखतीऐवजी वीस मिनिटांचा नमुना-तास घेऊ द्यावा, ही विनंती.’

मोठा वर्ग घेतलेला नाही, हे वाक्य दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. ते राहू दिलंय.

वहीचं ते पान दाखवायला आजोबांची परवानगी हवी. उद्या क्लासला जाताना विचारते.