कपाटावरचा फोन

बँकेला दिलेला जुना नंबर बदलायचा कंटाळा, म्हणून ते सिम सदाशिव पेठेत आईकडे, कपाटावर, सतत चार्जरला लावलेल्या एका जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये राहतं. मी राहतो बावधनला. काही मेसेज आला की आई फोन करून वाचून दाखवायची. चष्मा सापडेपर्यंत निम्मा वेळ जायचा.

शेवटी त्या फोनवर आलेले मेसेज टेलिग्रामच्या बॉटमार्फत, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यामार्फत, माझ्याकडे पाठवणारं ॲप टाकलं. टेलिग्रामवर @BotFather ला `/newbot` म्हटलं की तो बॉट करून देतो आणि एक लांबलचक टोकन हातात ठेवतो. ते टोकन म्हणजे घराची किल्लीच, कुणाला दाखवायची नाही. मी आधी एक चूक केली. बॉट आपणहून कुणाशी बोलायला सुरुवात करत नाही, आपण आधी त्याला `/start` म्हणावं लागतं. ते राहिल्यामुळे तासभर सगळं शांत होतं. मग ॲपला मेसेजची परवानगी दिली, बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला `Unrestricted` केलं, आणि वीजबिल, गॅस, खात्यातून गेलेले पैसे असं सगळं माझ्याकडे टपटप यायला लागलं.

एका गुरुवारी मात्र काहीच आलं नाही. पुण्यात गुरुवार म्हटलं की दुरुस्तीसाठी वीज जाणार, हे आईला पाठ, मी विसरलेलो. वीज गेल्यावर राउटर बंद. फोन बॅटरीवर जिवंत, सिमला रेंज, त्यामुळे मेसेज आले व्यवस्थित. पण बाहेर पडायला वाट नाही. सिमवर डेटा नव्हता, आणि माझं ॲप एकदा प्रयत्न फसला की सोडून देणारं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर दोन मेसेज इनबॉक्समध्ये मुकाट बसलेले.

आता दुसरं ॲप आहे. नेट नसेल तर ते मेसेज रांगेत ठेवतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. शिवाय मेसेज मूळ कधी आला ती वेळही मजकुरात घालून घेतली, कारण टेलिग्रामवर दिसते ती पोचल्याची वेळ. सकाळी ११:१० चा मेसेज दुपारी ४:२५ ला पोचला तर त्या दोन वेळा शेजारी पाहूनच कळतं, राउटर झोपला होता.

ओटीपी मात्र मी गाळले. बॉटशी होणारं बोलणं फक्त दोन टोकांनाच वाचता येईल असं कुलूपबंद नसतं, शिवाय टोकन किंवा टेलिग्राम दुसऱ्याच्या हाती लागलं तर? `OTP`, `code`, `password` हे शब्द असलेला मेसेज पुढे जातच नाही.

त्यामुळे काल पुन्हा फोन.

"आई, एक ओटीपी आलाय बघ."

"थांब रे, चष्मा... हां. चार, सात, एक... नाही, सातच. का एक?"


"आई, दहा मिनिटंच चालतो तो!"

"मग तुझा तो बॉट वाचतो का, विचार."