९९ चा ताप

मालवणच्या जवळ एका क्लिनिकमध्ये कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो, म्हणजे पेशंटचं व्हिजिट रजिस्टर, बिलं, आणि प्रिंटर अडकला की तोही मीच. गेल्या पावसाळ्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं की जून-जुलैमध्ये तापाचे पेशंट किती आले ते काढून दे, १०० पॉइंट ४ किंवा वर असलेले. लावणीचे दिवस, चिखलात गुडघाभर उभी राहणारी माणसं, उंदराच्या मुतातून पाण्यात जाणारा लेप्टो, त्यामुळे त्यांना आकडा हवाच होता. मी फिल्टर मारला आणि ४१२ व्हिजिटमधले ३८ असं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "शक्यच नाही. जुलैमध्ये बाहेरच्या बाकड्यावर बसायला जागा नव्हती, आणि ताप फक्त ३८ जणांना?"

मग मी `temp` कॉलम लहानापासून मोठ्याकडे सॉर्ट केला. वरतीच ३६.८, ३७.२, ३८.५, ३९ अशी रांग, एकूण २३ ओळी आणि सगळ्या जुलैच्या दहा दिवसांतल्या. सिस्टरताईंना विचारलं तर म्हणाल्या, जुना थर्मामीटर बंद पडला होता ना, नवीन आणला तो सेल्सिअसवर होता, तुम्ही कुठे सांगितलेलं कशात लिहायचं ते. खरंच सांगितलं नव्हतं. ३८.५ सेल्सिअस म्हणजे १०१.३ फॅरनहाइट, चांगला ताप, पण माझ्या फिल्टरला तो माणूस बर्फासारखा थंड वाटला. ३८ सेल्सिअस म्हणजेच १००.४, म्हणून त्या २३ मधले १७ जण तापाचे निघाले.

पण खरी गंमत पुढे होती. खाली सरकलो तर ९९, ९९, ९९... पानभर. मोजलं तर:

```
=COUNTIF(F2:F413,99)
61
```

९८.६, ९९.२, १००.८ असे बाकीचे आकडे विखुरलेले आणि एकट्या ९९ वर ६१ जण, असं कधी होतं का? आठवलं तेव्हा स्वतःच्या डोक्यात मारून घेतलं. मीच सांगितलेलं की एकही खाना रिकामा सोडायचा नाही, माहीत नसेल तिथे ९९ टाका. वजनाला ते चटकन दिसतंही, पण फॅरनहाइटमध्ये ९९ हा अगदी जिवंत माणसाचा आकडा आहे, त्यामुळे सरासरीही छान दिसत होती आणि कुणाला शंका आली नाही. कपाटातून केसपेपर काढून दुपारभर जुळवत बसलो, फक्त ७ जणांचं खरंच ९९ होतं. बाकी ५४ मोजलेलेच नाहीत. ते मी रिकामे केले, अंदाजाने भरले नाहीत, कारण गेलेला ताप आता कोण मोजणार.

आणि केसपेपर चाळताना तिसरी गोष्ट कळली जी माझ्या डोक्यातच नव्हती. एका काकांच्या कागदावर तक्रार "ताप, अंगदुखी" आणि तापमान ९८.४. ताई हसल्या, "अहो ते काका आठवतात, म्हणाले रात्री ताप इलो होतो, गोळी खाऊन इलंय." पॅरासिटामॉल घेऊन आलेला माणूस थर्मामीटरला थंड लागू शकतो. म्हणजे "ताप होता" आणि "आत्ता ताप आहे" हे दोन वेगळे प्रश्न आणि मी दोघांना एकच कॉलम दिलेला. तक्रारीतून मोजले तर तापाचे ११८ निघाले. मॅडमना मुळात हाच आकडा हवा होता.

मग त्या संध्याकाळी ताई, मॅडम आणि मी बसून प्रत्येक कॉलमचा अर्थ लिहायला घेतला. या दोन ओळींवरच तासभर गेला:

```
temp_f     | काखेतलं तापमान, आत्ता | °F | 94.0-108.0 | मोजलं नाही: रिकामं
fever_hist | गेल्या 7 दिवसांत ताप  | -  | Y / N / U  | U: विचारलं नाही
```

एकक नावातच घातलं, म्हणजे विसरायची सोय नाही, आणि ३८.५ टाईप केलं तर शीट लाल होते. काखेतलं असं मुद्दाम लिहिलं, कारण तोंडातल्यापेक्षा ते थोडं कमी येतं आणि ताई कधी इथे कधी तिथे लावायच्या. जुन्या ओळींमध्ये कुठे लावला होता ते मात्र कायमचं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा आतून आवाज, "अहो, एक आजी आल्यायत, आधार कार्डावरून वय ९९ येतंय, टाकू काय? तुम्ही कालच ९९ बंद केलंत ना!" वयाच्या कॉलमवर आम्ही अजून पोचलोच नव्हतो.