०११० पास झालं, ००११ अडकलं

आज थिअरीचा पेपर होता, आता राजवाड्याच्या बसमध्ये बसून लिहितेय कारण डोक्यातून तो एक प्रश्न जातच नाहीये. शून्य आणि एक सारख्याच संख्येने असतील अशी स्ट्रिंग स्वीकारणारं ट्युरिंग मशीन, म्हणजे टेपवरची चिन्हं एकेक करून वाचणारं आणि बदलणारं कल्पनेतलं यंत्र, बनवा, क्रम कसाही चालेल.

आयडिया सोपी, डावीकडचं पहिलं चिन्ह पुसायचं, ते ० असेल तर उजवीकडे जोडीचा १ शोधायचा, १ असेल तर ०, मग परत डावीकडे यायचं. मी दोन्ही जागी ब्लँक लिहिला आणि ०११० वर चालवून पाहिलं तर बरोबर आलं, मी खूश. मग सहज ००११ घेतलं. पहिला ० गेला, तिसऱ्या जागेवरचा १ गेला, उरलं काय तर ब्लँक, ०, ब्लँक, १. आता दुसरा ० आपला १ शोधायला निघतो आणि मधल्या ब्लँकलाच स्ट्रिंगचा शेवट समजतो, बरोबर स्ट्रिंग नाकारली ना!

म्हणून जोडीदाराच्या जागी X हवा, मशीन त्याच्यावरून पुढे सरकतं. डावीकडच्या चिन्हाला मात्र ब्लँकच ठेवला, कारण परत येताना तिथेच थांबायचं कळतं. जोडीदार शोधताना ब्लँक आला तर नाकारा, सुरुवातीच्या स्टेटमध्ये X ओलांडून ब्लँक आला तर स्वीकारा. रिकामी स्ट्रिंगपण त्यातच बसते, तिच्यात ० पण नाही आणि १ पण नाही, म्हणजे सारखेच. स्वीकारणारी धरून पाचच स्टेट.

शेवटच्या दहा मिनिटांत अख्खी आकृती परत काढली, हात अजून दुखतोय.