तिसऱ्या पाळीतलं जेवण आणि रात्री अडीचची थाळी

चाकणच्या एका कारखान्यात मी मशीन शॉपला आहे. आठवड्याला पाळी बदलते. तिसरी पाळी रात्री 11 ते सकाळी 7. वजन 72 किलो, आठवड्यातून चार दिवस जिम. रात्रपाळीच्या आठवड्यात कधी, किती खायचं याचा हिशोब मला तसा लवकर जमला. अडकलं ते कॅन्टीनपाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब सांगतो. वजन टिकवायला मला दिवसाला साधारण 2,400 कॅलरी लागतात. रात्रपाळी असली म्हणून हा आकडा वाढवायचा नाही. जागरणाने भूक जास्त लागते, पण खर्च त्या मानाने वाढत नाही. बदलायची ती फक्त वाटणी. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट हाताळत नाही. दुपारी खाल्लेला तोच भात रात्री दोनला खाल्ला तर रक्तातली साखर जास्त चढते आणि उतरायलाही वेळ लावते. पोटही सावकाश रिकामं होतं. 2021 मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात एक प्रयोग आला होता. 19 निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. ज्यांनी दिवसा आणि रात्रीही जेवण घेतलं त्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. ज्यांनी रात्री जागूनही फक्त दिवसा खाल्लं त्यांची लक्षणीय वाढली नाही. प्रयोग छोटा होता आणि ती माणसं आठ तास लोखंड उचलत नव्हती. त्यामुळे मी रात्र पूर्ण उपाशी काढत नाही, पण मोठं जेवण रात्री बारा ते पाच या वेळेबाहेर ठेवतो.

माझा दिवस असा बसतो. सकाळी पावणेआठला घरी आल्यावर दोन अंड्यांची भुर्जी, एक पोळी, कपभर दूध. 400 कॅलरीच्या आसपास. इतकं खाल्लं की भुकेने अकरा वाजता जाग येत नाही, आणि पोट जड होऊन जळजळही होत नाही. नऊ ते अडीच झोप. साडेतीनला पहिलं मोठं जेवण: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, भाजी, वाटीभर दही, म्हणजे 800 कॅलरी. पावणेसहाला एक केळं, सहा ते सव्वासात जिम. सव्वाआठला दुसरं मोठं जेवण: भात, वरण, चिकन, कोशिंबीर, सुमारे 850. दहाची कंपनीची बस. मग रात्री एकच्या सुमारास 250 कॅलरीचं काहीतरी छोटं, आणि चारनंतर फक्त पाणी. प्रथिनं दिवसभरात 115 ग्रॅमच्या आसपास होतात, म्हणजे किलोमागे 1.6 ग्रॅम. त्यातली सगळ्यात जास्त जिमनंतरच्या जेवणात असतात.

हे सगळं माझ्या हातात होतं. रात्री एकचे 250 कॅलरी तेवढे नव्हते.

आमच्या कॅन्टीनची रात्रीची वेळ होती अडीच ते सव्वातीन. एकच थाळी: चार पोळ्या, बटाट्याची भाजी, डाळ, भाताचा ढीग आणि आठवड्यातून दोनदा गोड. माझ्या अंदाजाने 900 कॅलरी. ती खाल्ली की चार वाजता डोळे मिटायला लागायचे. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं, झोपेची ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त, आणि त्याच वेळी पोटात भात. पाचला आंबट ढेकर. घरी आल्यावर भूक नाही, दुपारी उठल्यावरही नाही. दुपारचं जेवण गेलं की संध्याकाळी बार खांद्यावर घेतल्यावर पायात जोर नाही. एका थाळीने पुढचे पंधरा तास बिघडायचे. ज्यांना वाटतं की आपल्याला रात्रीचं जेवण पचतं, त्यांनी एवढंच पाहावं: दुपारी उठल्यावर तासाभरात खरी भूक लागते का? लागत नसेल तर रात्रीचं जेवण जास्त झालं.

मग घरून डबा न्यावा म्हटलं. गेटवर सिक्युरिटीवाल्या दादांनी थांबवलं. खाण्याची वस्तू आत नेता येत नाही, टाइम ऑफिसची परवानगी आणा. नियमामागे कारण आहे, ते मला मान्य आहे. शॉपमध्ये कूलंट, तेल, धातूचा चुरा असतो आणि तिथे कुणी खाऊ नये. पण मी कॅन्टीनमध्ये बसूनच खाणार होतो.

टाइम ऑफिसातले साहेब म्हणाले, “मेडिकल कारण आहे का? डॉक्टरांचं पत्र आणा.” कारखान्याचे डॉक्टर जनरल शिफ्टला, सकाळी दहानंतर बसतात. माझी पाळी सातला सुटते. रात्रभर उभं राहून काम केलेल्या माणसाने आणखी तीन तास बाकावर बसून राहायचं, का तर रात्री नीट खाऊन दिवसा नीट झोपता यावं म्हणून! मी बसलो. डॉक्टर सज्जन होते. तपासलं आणि म्हणाले, “तुम्हाला काही आजार नाही, मी पत्र कशाच्या आधारावर देऊ?” त्यांचंही बरोबर. पत्राशिवाय टाइम ऑफिस ऐकेना. एच.आर.कडे गेलो तर सांगितलं, हा कॅन्टीनचा विषय आहे, ॲडमिनला भेटा. ॲडमिनची खोली पाचला बंद होते, म्हणजे पुन्हा दिवसाची झोप मोडायची. ज्या खोल्यांमध्ये रात्रपाळीचे निर्णय होतात त्यातली एकही रात्री उघडी नसते. झोपेची किंमत मोजल्याशिवाय रात्रपाळीवाल्याला दाद मागता येत नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

या काळात झोप तुटायची तेव्हा एक पाळलं. चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्या दिवशी स्क्वॉट-डेडलिफ्ट नाही, हलके सेट किंवा फक्त चालणं. खाणं मात्र तेवढंच, आणि वेळा घड्याळावर नाही, उठण्यावर बांधलेल्या: उठल्यापासून तासाभरात पहिलं मोठं जेवण, त्यानंतर दोन-अडीच तासांनी व्यायाम, व्यायामानंतर दुसरं मोठं जेवण. बारा वाजता उठलो तर सगळं अडीच तास अलीकडे सरकवायचं आणि बसच्या आधी एक वाटी दही-पोहे वाढवून, तेवढी कॅलरी दोन मोठ्या जेवणांतून काढायची.

वाट सापडली ती युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यामुळे. ते म्हणाले, “अरे, तू एकट्यासाठी परवानगी मागतोयस, म्हणून आजार विचारतात. कॅन्टीन कमिटीत माग.” 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 46 मध्ये 250 हून जास्त कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीनची तरतूद होती, आणि तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही. आमच्याकडे अशी कमिटी होती. तिसऱ्या पाळीतला माणूस मात्र तिच्या बैठकीला कधी गेलेला नव्हता, कारण बैठक दुपारी व्हायची.

अर्ज एका पानाचा केला. आजार, व्यायाम, कॅलरी यातलं काहीच लिहिलं नाही. दोनच मागण्या होत्या. रात्रीचं काउंटर अडीचऐवजी एकला उघडावं. आणि पूर्ण थाळी चालू ठेवून त्याच कूपनवर अर्धी प्लेटही मिळावी: दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ, एक पोळी, काकडी. सोबत भाताच्या वाया जाणाऱ्या टोपांची नोंद जोडली. कॅन्टीनच्या मामांनी ती आपणहून ठेवली होती, कारण रोज पहाटे ते टोप उपसायचं काम त्यांनाच. तिसऱ्या पाळीतल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या, त्यात जिमचं तोंड न पाहिलेलेही होते. ॲसिडिटी सगळ्यांनाच होती. ठेकेदार आधी कुरकुरला, पण पूर्ण कूपनचे पैसे मिळून अर्धं अन्न द्यायचं म्हटल्यावर तयार झाला. पुढची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली, मग मंजुरी, मग सूचना फलकावर कागद लागायला पुन्हा पाळीचा पूर्ण फेरा. एक वाजता पहिली अर्धी प्लेट हातात आली तेव्हा मला खरंच खूप समाधान वाटलं. मामांनी अंडी सोलूनच ठेवली होती.

तुमच्याकडे कमिटी नसेल आणि फक्त डबा नेता येत असेल तर अंडी, पनीर, दही नेऊ नका. रात्री पावणेदहाला भरलेला डबा एकपर्यंत गरम लॉकरमध्ये राहतो, मे महिन्यात तर नकोच. मूठ-दीड मूठ फुटाणे आणि थोडे शेंगदाणे, वर एक पेरू. 250-300 कॅलरी, 13-14 ग्रॅम प्रथिनं, आणि खराब काही होत नाही.

चहाचं आधीच सांगायला हवं होतं. कंपनीचा दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा कपाला 80 कॅलरीच्या घरात जातो. रात्रीत चार कप म्हणजे 320, माझ्या रात्रीच्या खाण्यापेक्षा जास्त, आणि तेही नको त्या वेळी. मी दोन घेतो, शेवटचा दोनच्या आत. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही अंगात असतो. पहाटे पाचचा चहा नऊच्या झोपेत आडवा येतो.

आमच्यातले काही जण पाळी सुटल्यावर थेट सकाळी जिमला जातात. त्यांनी सहाला एक केळं खावं, आणि व्यायामानंतरचा नाश्ता 400 ऐवजी 600-650 करून तेवढं संध्याकाळच्या जेवणातून कमी करावं. मला ते जमत नाही. रात्रभर जागून जड वजन घेताना पाठ सैल पडते.

ज्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी माझी वाटणी उचलू नये. रात्रीचं जेवण कमी केलं आणि औषध तेच राहिलं तर पहाटे साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि थरथर, घाम हे जागरणाचंच वाटून लक्षात येत नाही. त्यांनी पाळीचं वेळापत्रक घेऊन आपल्या डॉक्टरांकडून औषधाची वेळ आणि मात्रा आधी ठरवून घ्यावी. आमच्या लाईनवर असे दोघे आहेत. त्यांच्यासाठी एकच्या काउंटरवर पूर्ण थाळीही चालू ठेवावी, हे आम्ही अर्जातच लिहून घेतलं होतं.