दोन्ही ट्रेवर ५५ एचआरसी, पण गिअर सारखे नव्हते

हीट ट्रीटमेंटहून लहान मॉड्यूलचे गिअर आले होते, कार्बुराइज करून हार्डन केलेले, दोन ट्रे, दोन वेगवेगळे लॉट. ड्रॉइंगवर पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी, म्हणजे रॉकवेल सी स्केलवरची हार्डनेस, आणि केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची जाडी, ०.३ ते ०.५ मिमी. इन्स्पेक्शनला दातांच्या बाजूच्या सपाट फेसवर रॉकवेल मारलं तर दोन्ही लॉट ५५ च्या आसपास, आणि दोन्हींवर लाल टॅग. शिफ्टचे इंजिनिअर म्हणाले, "दोन्ही परत पाठवू, री-हार्डन करून देतील." मी म्हटलं, "सर, थोडं थांबा, या केसवर सी स्केलचा आकडा नक्की कशाचा आहे ते आधी बघू."

सी स्केलला लोड असतो १५० किलो आणि डायमंडचा कोन. एचआरसीचा एक पॉइंट म्हणजे ०.००२ मिमी खोली, शंभरातून वजा करायची. म्हणजे ५५ आलं तर कोन प्रीलोडनंतर ०.०९ मिमी आत गेला. आता नियम असा की कोनाने टेस्ट करताना ज्या थराची हार्डनेस हवी तो थर ठशाच्या खोलीच्या निदान दहापट जाड पाहिजे, कारण ठशाच्या खालचं स्टीलसुद्धा दबतं, फक्त डायमंड टेकतो तेवढंच नाही. दहापट म्हणजे ०.९ मिमी, आणि आपल्याकडे जास्तीत जास्त ०.५ चा केस. मग मशीन केस आणि त्याखालचा मऊ कोअर यांचं मिश्रण दाखवणार, दुसरं काही नाही. ब्रिनेलचा तर इथे प्रश्नच येत नाही, १० मिमीचा बॉल आणि ३००० किलो, ते हार्डनिंगच्या आधीच्या ब्लँकला ठीक.

म्हणून सुपरफिशियल रॉकवेल लावलं. इंडेंटर कोनच, पण लोड १५, ३० आणि ४५ किलो, म्हणजे १५एन, ३०एन आणि ४५एन स्केल, आणि एक पॉइंट ०.००१ मिमीचा. १५एन वर ९० आलं तर खोली ०.०१ मिमी, दहापट म्हणजे ०.१, आपला केस आरामात पुरतो. मी एकाच लोडवर थांबलो नाही, प्रत्येक गिअरवर तिन्ही लोड मारले आणि आकडे टेबलवरून एचआरसीत बदलून शेजारी शेजारी लिहिले. (रूपांतराचं टेबल एकसारख्या स्टीलसाठी असतं, थराथराच्या स्टीलला ते जसंच्या तसं लागू नाही, पण दोन लोडची तुलना करायला चालतं.)

पहिल्या लॉटला १५एन वर ९०.१, म्हणजे साधारण ६०. ३०एन वर ७६, म्हणजे ५८. ४५एन वर ६२, म्हणजे ५६. आणि १५० किलोला ५५. लोड वाढेल तसा आकडा खाली. दुसऱ्या लॉटला १५एन वर ८७, म्हणजे ५३ च आणि मग ३०एन वर ७३, म्हणजे ५५, ४५एन वर ६२, म्हणजे ५६, आणि १५० किलोला पुन्हा ५५. हा वर चढतोय! पहिल्या लॉटमध्ये वरचा थर कडक आणि खाली मऊ, दुसऱ्यात वरची कातडीच मऊ आणि तिच्याखाली कडक. कानस लावली तर पहिल्यावर घसरत होती, दुसऱ्यावर थोडी चावत होती. १५एन वाचताना दशांश सोडायचा नाही हे मी नेहमी सांगतो, कारण तिथला एक पॉइंट म्हणजे एचआरसीचे जवळपास दोन पॉइंट, ८९ आणि ९० एकच समजलं तर निर्णय चुकतो.

आता दात कापून सेक्शन करायचा होता. लॅबने पहिला ट्रॅव्हर्स, म्हणजे कडेपासून आत ठसे मारत जाणं, एचव्ही १ ने, म्हणजे १ किलो लोडच्या विकर्सने केला होता, कडेपासून ०.०८ मिमीवर पहिला ठसा, आणि दोन्ही लॉटमध्ये तो कमी आला, पहिल्या लॉटला ६४०. रिपोर्टवर लिहिलं होतं "दोन्हीत पृष्ठभाग डीकार्ब", म्हणजे वरच्या थरातला कार्बन निघून गेलेला. हे मला पटलं नाही, कारण पहिल्या लॉटचा १५एन आणि कानस दोन्ही उलट सांगत होते. ७०० च्या आसपासच्या स्टीलवर एचव्ही १ चा कर्ण साधारण ५१ मायक्रॉन येतो, आणि ठशाचं केंद्र कडेपासून कर्णाच्या अडीचपट तरी आत पाहिजे, म्हणजे ०.१३ मिमी. ०.०८ वर मारला की स्टील कडेकडे सरकतं, ठसा मोठा होतो आणि आकडा खोटा कमी येतो. मायक्रोस्कोपखाली ते दिसतंच, ठसा चौकोनी राहत नाही, कडेकडची बाजू लांबलेली असते. त्यात माऊंटही मऊ रेझिनचा, पॉलिशमध्ये कड गोल झालेली.

मग कड धरून ठेवणाऱ्या कडक रेझिनमध्ये नव्याने माऊंट करून घेतलं आणि कडेजवळचा एकच ठसा एचव्ही ०.३ ने मारला, तिथे कर्ण २८ मायक्रॉनचा, ०.०८ चालतं. सगळाच ट्रॅव्हर्स ०.३ ने का नाही? कारण ठसा जितका लहान तितकी वाचण्यातली चूक महाग, २८ मायक्रॉनच्या कर्णात एक मायक्रॉन चुकला की साधारण ५० एचव्ही इकडे तिकडे, एचव्ही १ ला तोच मायक्रॉन २७ चा. म्हणून ०.२ पासून पुढे एचव्ही १, ठसे एका रेषेत नाही तर तिरपे पुढेमागे, म्हणजे ठशांमध्येही अडीचपट अंतर राहतं.

पहिला लॉट: ०.०८ ला ७००, ०.२ ला ६८०, ०.३ ला ६१०, ०.४ ला ५२५, कोअर ३४०. इफेक्टिव्ह केस डेप्थ म्हणजे जिथे ५५० एचव्ही उरते ती खोली, ०.३ आणि ०.४ च्या मधे ८५ उतरतात त्यातले ६० उतरले की ५५०, म्हणून ०.३७ मिमी. पूर्ण ड्रॉइंगमध्ये. दुसरा लॉट: ०.०८ ला ५७०, ०.२ ला ६६०, ०.३ ला ६५०, ०.४ ला ६००, ०.५ ला ५३५, डेप्थ साधारण ०.४८ मिमी. डेप्थ बरोबर, पण वर खरोखर मऊ. रिटेन्ड ऑस्टेनाइटनेही, म्हणजे हार्डनिंगमध्ये न बदलता उरलेल्या मऊ भागानेही, कातडी मऊ होते म्हणून नायटल या ॲसिडच्या द्रावणाने एच करून बघितलं, ऑस्टेनाइटचे पांढरे भाग मार्टेन्साइटच्या पट्ट्यांमध्ये नव्हतेच, उलट कडेला कमी कार्बनचा थर स्पष्ट दिसला, म्हणजे डीकार्बच. हीट ट्रीटमेंटवाल्यांनी नंतर फर्नेसचा दरवाजा तपासला तर सील गळत होतं, हार्डनिंगच्या तापमानाला उतरून थांबताना हवा आत जात होती.

पहिल्या लॉटचा लाल टॅग काढला. तो री-हार्डन केला असता तर चांगले गिअर उगाच वाकडे झाले असते, आणि १५० किलोला आकडा पुन्हा ५५ च आला असता कारण केस तेवढाच राहणार. दुसरा लॉट थांबवला, दात ग्राइंड होत नाहीत त्यामुळे मऊ थर निघणार नव्हता, आणि पुन्हा कार्बन द्यायचा तर डेप्थ ०.५ च्या पुढे जाण्याचा धोका, म्हणून ते डिझाइनवाल्यांच्या निर्णयाला गेलं. डिझाइनला मी एक ओळ बदलून मागितली, पृष्ठभागाची हार्डनेस १५एन वर द्या आणि डेप्थसमोर ५५० एचव्ही व ट्रॅव्हर्सचा लोड लिहा. सुधारित ड्रॉइंग आलं तेव्हा ५८ ते ६२ एचआरसी त्यावर नव्हतं.